धागा : विहिरीची 'इहीर' का होते? बोली, भाषा आणि लिहायची मराठी

माणदेशी_मास्तर

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवतो. मुलं तोंडी गोष्ट छान सांगतात, पण वहीत 'येळ', 'इहीर', 'ईट', 'येगळं', 'इचार' असं उतरतं. वरून सूचना येते की 'अशुद्ध' शब्दांखाली रेघ मारा आणि दहादा लिहून घ्या. त्यानं मूल लिहायलाच घाबरतं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ही चूक आहे की बोली? आणि बोली असेल तर लिहिताना 'वेळ' लिहायचं हे मुलाच्या घरच्या बोलण्याला धक्का न लावता कसं शिकवायचं? बोली आणि भाषा यांच्या पुस्तकी व्याख्या ठाऊक आहेत, त्या नकोत. वर्गात काय करायचं ते सांगा.

---

निळू

मास्तर, कारण साधं आहे. ग्रामीण भागात लहानपणापासून 'व' म्हणायची सवय लागत नाही, कारण घरात तो कुणी नीट म्हणत नाही. रोज पाच मिनिटं 'व'चा सराव घ्या. आरशासमोर, ओठांची हालचाल दाखवून. आधी उच्चार सुधारायला हवा, लेखन मग आपोआप सुधारेल.

---

अक्षरयात्री

निळू, घरी ऐकलं तेच तोंडात बसतं हे बरोबर. पण 'व' म्हणता येत नाही, हे नाही पटत. हीच मुलं वाट, वारा, वावर, वासरू, वड, वजन हे शब्द स्वच्छ 'व'नेच म्हणतात. 'वाट'ची 'याट' कुठल्याच गावात होत नाही. मग 'वेळ'चीच 'येळ' का?

मास्तरांनी दिलेली यादी पुन्हा बघा. वेळ, विहीर, वीट, वेगळं, विचार. प्रत्येक शब्दात 'व'च्या पुढं इ, ई किंवा ए आहे. 'वाट', 'वड', 'वजन' मध्ये पुढं अ किंवा आ आहे. नियम एवढाच : शब्दाच्या सुरुवातीचा 'व' इ-ईच्या आधी गळतो आणि ए-च्या आधी त्याचा 'य' होतो. विकत-इकत, वीस-ईस, विस्तव-इस्तू, विठ्ठल-इठ्ठल, वेल-येल, वेचणं-येचणं. म्हैस 'व्याली' ऐवजी 'याली' आणि 'व्याजा'चं 'याज' होतं तेही यातलंच, कारण 'य' हा उच्चाराच्या जागेनं 'इ'चा सख्खा भाऊ. इ, ए, य म्हणताना ओठ फाकतात आणि जीभ पुढं येते. 'व'ला ओठांचं काम लागतं. दोन्ही एकदम करण्यातली ओठांची मेहनत बोलीनं सोडून दिली.

आता उलटी बाजू बघा. 'ओझं'चं 'वझं', 'ओळख'ची 'वळख', 'ओला'चा 'वला'. लिहिताना जिथं 'व' नाही तिथं याच बोलीत तो येतो. ज्याला 'व' जमत नाही तो माणूस नवा 'व' कशाला आणेल? आरशाचा सराव केला तर मूल 'वाट' आणखी जोरात म्हणेल, पण 'येळ' तिथंच राहील.

म्हणून मास्तर, पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं. चूक एखाद्याच शब्दात होते आणि दर वेळी वेगळी होते. हे शंभर शब्दांत एकसारखं होतं, आणि कुठं होणार नाही तेही आधी सांगता येतं. हा त्या बोलीच्या व्याकरणाचा भाग आहे.

---

शुभदा_वाचते

अक्षरयात्री, नियम पटला. पण मुलासाठी तो उलटा चालवायचा आहे ना? बोलताना 'वे'चा 'ये' करणं सोपं. लिहिताना मुलाच्या कानात 'ये' आहे, त्यावरून 'वे' लिहायचं हे त्याला कसं कळणार? सगळ्याच 'ये'चे 'वे' करून चालत नाही.

---

अक्षरयात्री

शुभदाताई, मुख्य अडचण तीच आहे. या मुलांच्या 'ये'मध्ये तीन वेगवेगळे लिखित उगम एकत्र आले आहेत. 'येळ' लिहायचा 'वेळ'. 'येक' लिहायचा 'एक'. 'येतो' मात्र लिहायचा 'येतो'च. कानाला तिन्ही सारखे, त्यामुळे कुठल्याही उच्चार-नियमानं मुलाला ते वेगळे करता येणार नाहीत. शब्द ओळखीचे करून लक्षात ठेवणं हाच मार्ग. शहरातल्या मुलालाही ह्रस्व-दीर्घाचं असंच पाठ करावं लागतं, कारण 'मूल'मधला दीर्घ ऊ आणि 'मुलगा'मधला ह्रस्व उ त्याच्या कानाला तरी कुठं नेमके वेगळे लागतात? पण त्याला आपण अशुद्ध बोलणारा म्हणत नाही.

मास्तर, आधी अडचण नेमकी कुठं आहे ते तपासा. बारा शब्द घ्या. चार 'व'वर इ-ए असलेले : वेळ, वीट, विहीर, वेल. चार 'व'वर अ-आ असलेले : वाट, वारा, वड, वजन. दोन ए-चे : एक, एकटा. दोन खरे 'ये'चे : येतो, येणार. हे क्रम मिसळून श्रुतलेखनाला द्या. दुसऱ्या दिवशी त्यातल्या वीट, विहीर, वेल, वड यांची चित्रं दाखवून फक्त नावं लिहायला सांगा, तुम्ही तोंडानं म्हणू नका.

'वाट-वारा' चुकले तर मुलाला अक्षरच नीट ठाऊक नाही, तो वेगळा इलाज. 'वाट-वारा' बरोबर, श्रुतलेखनात 'वीट'ही बरोबर, पण चित्रावरून 'ईट' : म्हणजे मूल तुमचं ऐकून बरोबर लिहितं, त्याच्या मनातला शब्द मात्र 'ईट' आहे. तिसरीत बहुतेकांचं हेच निघेल, आणि श्रुतलेखन कितीही वाढवलं तरी ते हलणार नाही. त्याला शब्द डोळ्यांनी दिसायला हवा.

त्यासाठी भिंतीवर दोन रकान्यांचा तक्ता लावा. डावीकडं 'आपण म्हणतो', उजवीकडं 'पुस्तकात लिहितात'. शब्द मुलांनीच वाचनातून शोधून भरायचे, आठवड्याला पाच-सहा, जास्त नाही. 'चूक' आणि 'बरोबर' असे मथळे अजिबात देऊ नका.

आणि एका गोष्टीकडं लक्ष ठेवा. महिनाभरात एखादं मूल 'येतो'चं 'वेतो' किंवा 'इमारत'चं 'विमारत' लिहील. घाबरू नका, रेघही मारू नका. 'पुस्तकात व असतो' हे त्यानं पकडलंय, फक्त नको तिथंही लावतंय, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी 'येतो, येणार, येऊन' हे न बदलणारे शब्द तक्त्यात तिसऱ्या रकान्यात टाका.

---

प्रमोद_ठाणे

छान चर्चा. मलाही वाटतं की शुद्ध मराठी टिकली पाहिजे. आजकाल मुलं 'टेबल', 'पेन', 'मोबाईल' असंच म्हणतात. यांना मराठी शब्द सुचवणारा एखादा तक्ता कुणाकडं आहे का?

---

शुभदा_वाचते

प्रमोदजी, तो विषय वेगळा आहे. इथं परक्या शब्दांचं काही नाही. 'येळ' अस्सल मराठीच आहे, प्रश्न फक्त लिहिण्याचा आहे. तुमच्या प्रश्नाचा स्वतंत्र धागा काढा, तिथं लिहिते.

---

निळू

'व'चं पटलं, नियम आहे हे मान्य. पण मग मूळ प्रश्न उरतोच. लिहायची मराठी म्हणजे पुण्याच्या सुशिक्षितांची बोली. ती सगळ्यांवर लादली. त्यांच्या मुलांना काहीच शिकावं लागत नाही, बाकीच्यांना सगळं.

---

अक्षरयात्री

यात निम्मं खरं आहे. एकोणिसाव्या शतकात शाळा, छापखाने आणि सरकारी पुस्तकं आली तेव्हा पाया म्हणून पुण्याच्या बाजूची सुशिक्षितांची मराठी घेतली गेली. मोल्सवर्थचा कोश १८३१चा, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६चं. मेजर कँडींच्या हाताखालून वर्षानुवर्षं शालेय पुस्तकं गेली. एकदा पाठ्यपुस्तक छापलं की त्यातलं रूप 'भाषा' आणि बाहेरचं ते 'बोली' अशी वाटणी होते, मग बोली कितीही जुनी असो.

पण पुण्यात तरी लिहितात तसं कोण बोलतं? 'मी काम केले आणि जेवण घेतले' असं पुण्यातल्या कुठल्याही घरात बोलत नाहीत. तिथंही 'केलं' आणि 'घेतलं'च. १९६२च्या मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. त्याआधी 'केलें', 'घरांत', 'नांव' असं लिहायचे. ते अनुस्वार गेले हे चांगलंच झालं, मुलांचं ओझं कमी झालं. पण एका जागी किंमत मोजावी लागली. हे वाक्य बघा :

त्याने ते आणले.

एक वस्तू आणली की अनेक? पुस्तक असेल तर 'ते पुस्तक आणलं'. आंबे असतील तर 'ते आंबे आणले'. बोलताना पुण्यातही, माणदेशातही 'आणलं' आणि 'आणले' वेगळेच राहतात. जुन्या लेखनातही 'तें आणिलें' आणि 'ते आणिले' वेगळे होते. आजच्या प्रमाण लेखनात मात्र दोन्ही एकच. म्हणजे इथं नपुंसकलिंगी एकवचन आणि पुल्लिंगी अनेकवचन यांतला भेद बोली पाळते, लेखन पाळत नाही. लिहायची मराठी कुणाच्याच तोंडची नाही. पुण्याच्या मुलाला ती जवळ पडते, माणच्या मुलाला लांब. फरक अंतराचा आहे.

आणि लांब म्हणजे नवं किंवा बिघडलेलं असंही नाही. देशावरच्या खेड्यात 'म्या सांगितलं' म्हणतात. ज्ञानेश्वरीत 'म्यां' आहे, जुन्या छापील मराठीतही 'म्यां केलें' होतं. ते सोडून 'मी' घेतलं ते प्रमाणानं. इथं खेड्यानं जुनं ठेवलं. 'येळ'च्या बाबतीत उलटं, तिथं प्रमाणानं जुना 'व' ठेवला आणि खेडं पुढं गेलं.

---

वऱ्हाडी_पोट्टा

भाऊ, तुमी जे सांगून राहिले ते पटलं. आता मले हे सांगा, आमी 'मी जाऊन राहिलो' म्हणतो, ते शाळेत कापून 'मी जात आहे' करतात. काही जण म्हणतात हे हिंदीतून आलं, 'जा रहा हूँ' वरून. मंग ते बोलीचं म्हणाव का उसनं म्हणाव?

---

अक्षरयात्री

रचना हिंदीच्या रचनेशी जुळते हे खरं, आणि विदर्भाचा हिंदीशी शेजारही जुना. पण 'राहणे' क्रियापद मराठीच, 'जाऊन' हे रूप मराठीच. हिंदीत तिथं नुसता धातू येतो, 'जा'. नुसतं उचललं असतं तर 'जा राहिलो' झालं असतं. किती शेजाऱ्याचं आणि किती घरचं यावर जाणकारांचं एकमत करणं मला तरी अवघड दिसतं. आणि उसनं असलं तरी ते बोलीचंच. तुमच्या 'मले, तुले'चा 'ले' मात्र हिंदीतून आलेला नाही, हे नक्की. तो तापीकाठीही आहे.

---

तापीकाठ

तोच मुद्दा घेऊन आलो. धुळे-नंदुरबारकडची अहिराणी घ्या. 'रामाचं घर'ला 'रामनं घर', 'आहे'ला 'शे', 'पोरांना'ला 'पोरेस्ले'. ग्रियर्सननं आपल्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशी मराठीच्या खंडात ठेवली नाही, भिल्ली भाषांच्या खंडात ठेवली. २०११च्या जनगणनेतही खानदेशी मराठीपासून वेगळी मोजली आहे आणि अहिराणी तिच्यात धरली आहे. तिथले आकडे १८ लाखांवर आहेत. तरी आमच्या मुलांना शाळेत सांगतात, ही मराठीची बोली. मग खरं काय?

---

कुडाळकरीण

आणि आमची मालवणी? 'माका', 'तुका' म्हटलं की गोव्यातल्या 'म्हाका', 'तुका'च्या जवळ. ग्रियर्सननं तर सगळी कोकणीच मराठीच्या खंडात घातली होती. नंतर साहित्य अकादमीनं १९७५ला कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानलं, १९८७ला गोव्याची राजभाषा झाली, १९९२ला आठव्या अनुसूचीत गेली. बांद्याच्या पुढं पत्रादेवीला राज्याची हद्द लागते, म्हणून काय तिथल्या बाजारातलं बोलणं एकदम बदलता? हद्दीच्या अल्याड ते बोली, पल्याड भाषा. माका ह्या पटणा नाय.

---

अक्षरयात्री

दोन्ही उदाहरणं नेमकी आहेत, आणि दोन वेगळ्या गोष्टी दाखवतात.

अहिराणीत षष्ठीचा प्रत्यय, 'आहे'चं रूप, अनेकवचनाची घडण, सगळा सांगाडाच वेगळा. 'येळ-वेळ'सारखा हा उच्चाराचा फरक नाही. पुण्याच्या माणसाला सवय नसताना भरभर बोललेली अहिराणी कळायला जड जाते. पण शाळा, कोर्ट, वर्तमानपत्र यांची भाषा तिथं मराठी, म्हणून लोक तिला मराठीची बोली म्हणतात. सांगाड्यावरून ठरवलं तर एक उत्तर, वापरावरून ठरवलं तर दुसरं.

मालवणीचं तसं नाही. गावागणिक थोडं थोडं बदलत जाणारी ती साखळी आहे. शेजारच्या दोन गावांना एकमेकांचं सगळं कळतं, साखळीची दोन टोकं मात्र एकमेकांना अनोळखी. अशा साखळीत भाषेची रेघ कुठं ओढायची हे व्याकरणावरून निघत नाही. ती शाळा, लिपी आणि राज्य ओढतात. मालवणी कुठल्या बाजूला, हे मी ठरवणार नाही. बोलणाऱ्यांतच त्यावर दोन मतं आहेत.

प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणात गावोगावची ध्वनिमुद्रणं आणि नकाशे आहेत. एखाद्या रूपाची हद्द नकाशावर कुठून कुठवर जाते ते बघा. दोन रूपांच्या हद्दी सहसा एकमेकींवर बसत नाहीत, त्यामुळे 'इथं ही बोली संपली' असं बोट ठेवता येत नाही.

---

माणदेशी_मास्तर

मंडळी, बरंच हाती लागलं. बारा शब्दांची चाचणी सोमवारी घेतो. दोन शंका राहिल्या. एक, आमच्या मुली 'मी शाळेला जातो', 'मी आलो' असं लिहितात. हे लिंग चुकलंय म्हणून सगळे हसतात. दोन, निबंधात आजीच्या तोंडचं वाक्य 'येळ झाली, ऊठ' असं लिहिलं तर काय करायचं?

---

अक्षरयात्री

दुसरी शंका आधी. ते वाक्य तसंच ठेवा. महामंडळाच्या नियमांतच सांगितलंय की एखाद्या पात्राच्या तोंडी घालायची भाषा त्या पात्राच्या बोलीप्रमाणं लिहावी. म्हणजे अवतरणचिन्हांत 'येळ झाली' नियमाप्रमाणेच बरोबर, आणि बाहेर निवेदनात 'वेळ'. तुम्ही हे वर्गात साधन म्हणूनही वापरू शकता : मुलांकडून संवाद बोलीत आणि निवेदन पुस्तकी मराठीत लिहून घ्या. कोणतं कुठं, हा विचार एका पानात दहा वेळा करावा लागतो.

आता मुलींचं. प्रमाण मराठीत बाई 'मी जाते' म्हणते, पण अनेक जणी मिळून 'आम्ही जातो' आणि 'आम्ही गेलो'च म्हणतात, 'आम्ही जाते' नाही. भविष्यकाळात 'मी जाईन' बाई-पुरुष दोघांचं. म्हणजे बोलणाऱ्याचं लिंग क्रियापदात न दाखवणं प्रमाणातही आहे, फक्त काही रूपांत. सातारा-कोल्हापूरकडच्या बोलीनं ते 'मी जातो'पर्यंत नेलं. मुलींना एवढंच सांगा की पुस्तकात 'मी' एकटी असली की 'जाते, आले', आणि 'आम्ही' आलं की आपलं घरचंच रूप. हे दोन-तीन धड्यांत बसतं, कारण इथं नियम स्वच्छ आहे. 'वेळ-येळ'ला मात्र वर्षभर लागेल, ते शब्दागणिक आहे.

---

वऱ्हाडी_पोट्टा

आमच्याकडं तर 'ळ'चा 'य' होते. 'डोया', 'फय', 'सोया'. मास्तरांचाच तक्ता चालन का?

---

अक्षरयात्री

रीत तीच, शब्द वेगळे घ्यावे लागतील. मराठी शब्द 'ळ'नं सुरू होत नाही, म्हणून तुमची अडचण शब्दाच्या मध्ये आणि शेवटी येते. एका बाजूला डोळा, फळ, सोळा, माळ. दुसऱ्या बाजूला मूळचेच 'य'वाले पाय, गाय, सोय, माय. 'माळ' आणि 'माय' बोलण्यात एकच होतात, म्हणून ही जोडी चाचणीत हवीच, पण चित्रासकट द्या, नाहीतर मुलाला कोणती विचारली ते कळणार नाही. आणि सुधारणा सुरू झाली की 'पाय'चं 'पाळ', 'गाय'चं 'गाळ' लिहिणारं मूल भेटेल. तेव्हा 'पाय, गाय, सोय' हा रकाना पहिल्या दिवसापासूनच तक्त्यात असू द्या, नंतर घालू नका. आपल्या गावात 'ळ' कुठल्या शब्दांत टिकतो ते आधी ऐकून टिपा. पाठ्यपुस्तकातून आलेले शब्द बऱ्याचदा 'ळ'सकटच म्हटले जातात. ते चाचणीत घातलेत तर मुलाचं घरचं बोलणं दिसणार नाही, शाळेत ऐकलेलंच दिसेल.